म्हाताऱ्या मांजरीचं क्रिएटिनिन आणि युरिया वाढलेत, लघवी पातळ आहे: हे रिपोर्ट नेमके कसे वाचायचे?

सई_अंगण
ठकी, भाटी, वय १३, नसबंदी झालेली. डॉक्टरांनी "किडनीचा जुना आजार असावा" असं म्हटलंय. माझ्याकडे तीन रिपोर्ट आहेत, जसेच्या तसे देते.

मागचा फेब्रुवारी: क्रिएटिनिन १.७, बीयूएन ३१, वजन ४.६ किलो.
ऑगस्ट: क्रिएटिनिन २.१, बीयूएन ३८, वजन ४.२ किलो.
या जानेवारीत: क्रिएटिनिन २.९, युरिया ११८, वजन ३.८ किलो. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे घट्टपणा, १.०१०.

पहिले दोन्ही रिपोर्ट नॉर्मल होते, एकाही आकड्यापुढे खूण नव्हती. आता दोन्हींपुढे H आलाय. पाच महिन्यांत युरिया ३८ चा ११८, म्हणजे तिप्पट! एवढं अचानक कसं झालं? हा जुनाच आजार आहे की नवीन काहीतरी झालंय? पाणी भरपूर पिते, ट्रे रोज ओलागच्च असतो.

चारपायी
युरिया तिप्पट म्हणजे किडनी गेलीच समजा. क्रिएटिनिन वाढायच्या आत पाऊण किडनी संपलेली असते. आजपासून प्रोटीन बंद करा, युरिया खाली येईल.

उन्हाळी_बोका
मांजरीचं प्रोटीन बंद करा म्हणजे माशाला म्हणायचं, पाणी जरा कमी घे.

लॅबवाला_बाबा
चारपायी, जरा थांबा. आधी आकडे एका मापात आणू.

सईताई, पहिल्या दोन रिपोर्टांत "बीयूएन" आहे आणि तिसऱ्यात "युरिया". दोन्ही मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये छापतात म्हणून सारखे वाटतात, पण ते एक नाहीत. बीयूएन म्हणजे युरियाच्या रेणूतल्या फक्त नायट्रोजनचं वजन, युरिया म्हणजे अख्ख्या रेणूचं. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. तुमचा ११८ उलटा भागला तर बीयूएन ५५ येतो. म्हणजे ३८ वरून ५५. वाढ आहे, पण तिप्पट नाही, दीडपटीच्या आसपास.

आता बीयूएनला क्रिएटिनिनने भागून बघा. फेब्रुवारीत ३१ भागिले १.७ म्हणजे साधारण १८. ऑगस्टमध्येही १८. जानेवारीत ५५ भागिले २.९ म्हणजे १९. तिन्ही वेळा जवळजवळ तेच गुणोत्तर. युरिया एकटा पुढे पळाला असता तर आतड्यात रक्तस्राव, पाण्याची मोठी कमतरता किंवा रक्त घ्यायच्या जरा आधी झालेलं भरपेट मटण, असं काही शोधावं लागलं असतं. इथे दोघं हातात हात घालून चढलेत. गुणोत्तर हा पुरावा नाही, नुसता इशारा आहे. पण "युरियाने उडी मारली" ही भीती त्याने निघते.

दुसरं, तिसरा रिपोर्ट वेगळ्या लॅबचा आहे का? मशीन आणि पद्धत बदलली की क्रिएटिनिन ०.२-०.३ ने इकडे तिकडे होऊ शकतं. चढउतार बघायचा असेल तर एकच लॅब धरा.

सई_अंगण
बाप रे. हो, लॅब वेगळी आहे. क्लिनिकच्या जवळची होती म्हणून तिथे दिलं. म्हणजे घाबरायचं कारण नाही?

डॉ_पंजा
निर्धास्त राहायचंही कारण नाही. लॅबवाला बाबांनी युरिया सरळ केला, पण क्रिएटिनिनची गोष्ट तशीच उभी आहे.

"पहिले दोन नॉर्मल होते" हे वाक्य मला खटकलं. लॅबची नॉर्मल पट्टी बरीच रुंद असते, बऱ्याच ठिकाणी २.४ पर्यंत खूणच येत नाही. पण मांजरांच्या किडनीसाठी आयरिस या आंतरराष्ट्रीय संस्थेचे जे टप्पे वापरतात, त्यात दुसरा टप्पा १.६ पासून सुरू होतो आणि २.८ पर्यंत जातो. २.९ ते ५.० तिसरा, त्यापुढे चौथा. म्हणजे ठकी पहिल्या रिपोर्टापासूनच शंकेच्या हद्दीत होती. १.७, २.१, २.९ ही एकच चढण आहे. H फक्त शेवटच्या पायरीवर आला म्हणून ती अचानक वाटली.

आता वजन बघा. ४.६ वरून ३.८, म्हणजे सतरा टक्के गेलं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून आणि किडनी ते गाळून टाकते. स्नायू झिजले की ते कमी तयार होतं, म्हणजे किडनी तेवढीच राहिली तरी आकडा खाली यायला हवा. ठकीचा आकडा स्नायू झिजत असताना वर गेलाय. म्हणजे प्रत्यक्षात किडनीची गाळण आकड्यावरून दिसते त्याहून जास्त घटली असणार. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मांडीपाशी हात फिरवून बघा, हाडं टोचतात का. वजनाइतकंच हेही लिहून ठेवायचं असतं.

एक प्रश्न: लघवी कधी घेतली? रक्ताच्या आधी की नंतर? आणि १.०१० कशावर मोजलं?

सई_अंगण
रक्त संध्याकाळी घेतलं. मग त्यांनी त्वचेखाली १५० मिली सलाईन दिलं. लघवी दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेमधून सिरिंजने उचलून नेली. त्यांनी रंगीत पट्टी बुडवून बघितलं.

डॉ_पंजा
मग तो १.०१० खोडून टाका. दोन कारणांनी.

सलाईन दिल्यावर किडनी जास्तीचं पाणी बाहेर टाकते, तेच तिचं काम आहे. धडधाकट मांजरालाही दीडशे मिली दिलं तर लघवी पातळ येईल. ती पातळ आली म्हणून किडनीला घट्ट करता येत नाही असं म्हणता येत नाही. आपल्याला हवा असतो तो प्रश्न असा: शरीराला पाणी राखायची गरज असताना किडनी लघवी घट्ट करते का? हे सलाईनच्या आधीच्या लघवीतूनच कळतं. सुई लावायच्या आधी मूत्राशयातून दोन मिली काढून ठेवले असते तर आज हा धागा अर्धा झाला असता.

आणि पट्टीवरचा ग्रॅव्हिटीचा चौकोन मांजरांसाठी बिनकामाचा. पट्टी साखर, रक्त यांसाठी ठीक, पण ग्रॅव्हिटी रिफ्रॅक्टोमीटरवरच. काचेवर एक थेंब, झाकण खाली, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचायची. त्याआधी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून तो १.००० दाखवतो ना ते बघायचं. पुष्कळ ठिकाणी हे रिफ्रॅक्टोमीटर ड्रॉवरमध्ये असतं आणि त्याचा शून्य कधी सरकलाय कुणालाच माहीत नसतं.

टिपूचीआई
आमच्या टिपूची १.०२५ आली होती, क्रिएटिनिन १.३. डॉक्टर म्हणाले ठीक. मग ठकीची पण ठीकच म्हणायची ना? वय टिपूचं ९.

रेवा_के
टिपू कुत्रा आहे ना हो? कुत्र्याची आणि मांजराची रेघ वेगळी. रक्तातले आकडे वाढलेले असताना कुत्र्याकडून १.०३० च्या वर आणि मांजराकडून १.०३५ च्या वर घट्टपणा अपेक्षित असतो. मांजराची जात वाळवंटातली, पाणी पिळून काढण्यात ती जास्त तयार. आणि टिपूचं क्रिएटिनिन वाढलेलंच नाही, त्यामुळे एकदा आलेल्या १.०२५ चा अर्थ एवढाच की त्या दिवशी तो पाणी प्यायला होता.

टिपूचीआई
हो कुत्रा. धागा मांजरीचा आहे हे आत्ता लक्षात आलं. चालू द्या.

उन्हाळी_बोका
टिपूला आत्ता कळलं तर दुखावेल तो.

चारपायी
पण पातळ लघवीचं साधं कारण ओलं अन्न असू शकतं ना? ओल्या अन्नावरच्या मांजरांची लघवी पातळच असते. सईताई ओलं देत असतील तर सगळा घोळ त्यातूनच झाला असेल.

रेवा_के
अर्धं बरोबर. ओल्या अन्नाने लघवी थोडी पातळ होते. पण निरोगी मांजर ओलं खाऊनही बऱ्यापैकी घट्ट लघवी करतं, १.०१५ च्या आसपास कायम राहत नाही. शिवाय ओल्या अन्नाने क्रिएटिनिन चढत नाही. पातळ लघवी एकटी असेल तर कारणं पुष्कळ आहेत: स्टेरॉइड, लघवीचं औषध, मधुमेह, रक्तात कॅल्शियम वाढणं. रक्तातले आकडे वाढलेले आणि लघवी पातळ, ही जोडी एकत्र आली की बोट किडनीकडे जातं.

उलट सांगायचं तर, मांजराला नुसतं पाणी कमी पडलं असतं आणि किडनी ठणठणीत असती, तर क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं असतं पण लघवी मधासारखी आली असती, १.०४५, १.०५०. मग पाणी दिलं की सगळं खाली. म्हणून सलाईनच्या आधीची लघवी एवढी मोलाची.

पण यालाही अपवाद आहे. काही मांजरांची किडनी बिघडली तरी घट्ट करायची ताकद बराच काळ टिकते. म्हणून १.०४० आली की किडनी निर्दोष, असं उलटं वाचू नका.

चारपायी
बरं, ओल्या अन्नाचं मागे घेतो. पण पाऊण किडनीचं खरं आहे, ते पाठ्यपुस्तकात आहे.

डॉ_पंजा
ते आहे, पण ते एका मांजराच्या एका आकड्याबद्दलचं आहे, जेव्हा आधीचं काही माहीत नसतं आणि लॅबची पट्टी हीच मोजपट्टी असते. ठकीचे तीन आकडे आहेत. १.७ वरून २.१ झालं तेव्हाच, पट्टीच्या आत असूनही, गाळण घटत असल्याचं दिसत होतं. तिची तुलना तिच्याशीच करायची.

सईताई, आता करायचं ते सांगतो. सलाईन थांबवून चार दिवस जाऊ द्या. ती खातेपिते आहे, उलट्या नाहीत, तर एवढं चालेल. खाणं सोडलं किंवा मलूल झाली तर थांबू नका. रक्ताच्या आधी आठ-दहा तास अन्न नाही, पाणी मात्र पूर्ण वेळ समोर. ऑगस्टवाली लॅब. लघवी त्याच भेटीत, सुईने मूत्राशयातून, रिफ्रॅक्टोमीटरवर. त्याच नमुन्यातून लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि कल्चर. रक्तात फॉस्फरस, पोटॅशियम, क्रिएटिनिनसारखंच गाळण दाखवणारं एसडीएमए, आणि थायरॉइडचं टी-फोर. सोबत रक्तदाब आणि सोनोग्राफी.

टप्पा त्यानंतर ठरवू. २.८ दुसरा आणि २.९ तिसरा, म्हणजे आत्ता ती अगदी उंबऱ्यावर आहे. पाणी कमी असलेल्या मांजरीच्या, दुसऱ्या लॅबमधल्या एका आकड्यावर टप्पा ठरवणं म्हणजे धावत्या गाडीतून मैलाचा दगड वाचणं.

उन्हाळी_बोका
सोनोग्राफीसाठी पोटाचे केस काढतात. ठकी त्यानंतर पंधरा दिवस बोलणार नाही, हेही रिपोर्टात लिहा.

सई_अंगण
सुईने लघवी काढतात हे ऐकूनच धस्स झालं. ट्रेमधली चालणार नाही का? आणि मेलॉक्सिकॅम विचारायचं राहिलं, ते दुखण्याचं औषध मागच्या महिन्यात पायासाठी पाच दिवस दिलं होतं.

डॉ_पंजा
ग्रॅव्हिटीसाठी ट्रेमधली चालते, फक्त न शोषणारे प्लॅस्टिकचे दाणे किंवा रिकामा धुतलेला ट्रे हवा, आणि साबणाचा लवलेश नको. कल्चरसाठी नाही चालणार. ट्रेमधले जंतू उगवतील आणि तुम्ही नसलेल्या जंतूला अँटिबायोटिक देत बसाल. मूत्राशय भरलेलं असेल तर सुई काही सेकंदांची गोष्ट असते.

मेलॉक्सिकॅम महत्त्वाचं. सईताई, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. बिघडत चाललेल्या किडनीवर, त्यात पाणी कमी असताना, ते औषध वरून धक्का देऊ शकतं. म्हणजे २.९ मध्ये थोडा भाग जुन्या आजाराचा आणि थोडा त्या धक्क्याचा असू शकतो. पुन्हा मोजल्यावर काही खाली आलं तर तो धक्क्याचा भाग. ते बंद आहे ना आता?

सई_अंगण
बंद आहे, पाच दिवसच होतं.

लॅबवाला_बाबा
रक्ताबद्दल एक. नमुना लालसर झालेला असेल, म्हणजे पेशी फुटलेल्या असतील, तर लॅबवाल्याने रिपोर्टावर तसं लिहिलंय का बघा. फॉस्फरसचा आकडा त्याने बिघडतो. बहुतेक लोक आकडे बघतात आणि तळाची एक ओळ सोडतात.

सई_अंगण (अकरा दिवसांनी)
झालं सगळं. ठकी खरंच बोलत नाहीये. ऑगस्टवाल्या लॅबचे आकडे:

क्रिएटिनिन २.६, बीयूएन ४६. एसडीएमए २७. फॉस्फरस ४.९, पोटॅशियम ३.९. यकृताचं एएलटी १४०, H. टी-फोर २.८, नॉर्मल (०.८ ते ४.७).
लघवी, सलाईनशिवाय, रिफ्रॅक्टोमीटरवर १.०१७. प्रोटीन गुणोत्तर ०.३. कल्चरमध्ये काही उगवलं नाही.
रक्तदाब १६८. वजन ३.७५.
सोनोग्राफी: डावी किडनी २.९ सेंमी, कडा खडबडीत. उजवी ३.८. उजवीची पेल्विस, म्हणजे किडनीतली लघवी जमायची पोकळी, २ मिमी. खडा नाही, युरेटर फुगलेलं नाही.

आता टप्पा दुसरा की तिसरा? डॉक्टर म्हणाले दुसरा, पण एसडीएमएवर मात्र तिसरा लिहिलाय.

रेवा_के
आकड्यांतली विसंगती खरी आहे. क्रिएटिनिन २.६ म्हणजे दुसरा. एसडीएमए २६ ते ३८ म्हणजे तिसरा. एसडीएमएवर स्नायूंचा परिणाम क्रिएटिनिनइतका होत नाही, म्हणून झिजलेल्या मांजरीत ते पुढचं दाखवतं. माझ्या बोक्याच्या बाबतीत दोन्ही सतत एकाच टप्प्यात आले, पण तो जाड होता. ठकीसारख्या बारीक मांजरीत मी एसडीएमएवर जास्त भरवसा ठेवीन.

डॉ_पंजा
मी इथे थोडा वेगळा. आयरिसचं म्हणणं असं की एसडीएमए सातत्याने वरचा टप्पा दाखवत असेल तर वरचा धरा. "सातत्याने" हा शब्द महत्त्वाचा. एका मापावर मी तिला तिसऱ्यात ढकलणार नाही. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा.

दरम्यान व्यवहारात फरक काय पडतो? फॉस्फरसचा. दुसऱ्या टप्प्यात तो ४.६ च्या खाली ठेवायचा असतो, तिसऱ्यात ५.० च्या. ४.९ एका हिशोबाने जास्त, दुसऱ्याने ठीक. मी कमीचं लक्ष्य धरून किडनीचं अन्न सुरू करीन. चारपायी, प्रोटीन बंद करायचं नाही, फॉस्फरस आवरायचा. खाणं सुटलं तर कुठलंही किडनीचं अन्न कुचकामी. जुन्यात नवीन मिसळत दोन-तीन आठवडे घ्या.

बाकी वाचन असं. सलाईनशिवायही १.०१७, आणि रक्तात आकडे वाढलेले. म्हणजे या वेळी "घट्ट करता येत नाही" असं म्हणायला आधार आहे. २.९ चं २.६ झालं, त्यातला काही भाग लॅबचा फरक, काही पाण्याचा, काही मेलॉक्सिकॅमचा असेल; वेगळं करता येणार नाही. पण ते २.१ वर परतलं नाही, आणि डावी किडनी लहान, खडबडीत आहे. किडनी लहान व्हायला महिने-वर्षं लागतात, म्हणून हा जुना आजार. पेल्विसचे २ मिमी जास्त लघवीनेही येतात. कल्चर रिकामं, खडा नाही, म्हणून मी तिथे थांबीन.

रक्तदाब १६८ म्हणजे १६० ते १७९ च्या पट्ट्यात. पण क्लिनिकमध्ये भेदरलेल्या मांजरीचा दाब चढतोच. पट्टा बांधून शांत खोलीत दहा मिनिटं बसू द्या, पहिलं माप टाका, पुढच्या पाच-सहांची सरासरी घ्या. तेही पुन्हा. तोवर डोळ्यांतल्या पडद्याची तपासणी करून घ्या.

लॅबवाला_बाबा
टी-फोर २.८ वर कुणीच बोललं नाही. आणि एएलटी १४०.

चारपायी
टी-फोर नॉर्मल आहे ना, ४.७ पर्यंत.

सई_अंगण
एक सांगायचं राहिलं का मी? ठकी खाते मात्र अफाट. रात्री तीनला उठवते. म्हणून मी खुश होते, किडनीवाली मांजरं खात नाहीत म्हणतात.

उन्हाळी_बोका
सईताई दर पोस्टमध्ये एक पुरावा काढतात. पुढच्यात खुनाचं हत्यार येणार.

डॉ_पंजा
बाबा, बरं झालं बोट ठेवलंत. मी टी-फोर वाचून पुढे गेलो, चूक माझी.

तेरा वर्षांची मांजर भरपूर खाते आणि तरी बारीक होते, एएलटी किंचित वर, दाब वर, पाणी जास्त. हे चित्र एकट्या किडनीचं नाही. किडनीने इतकं वजन घालवलं असतं तर भूक आधी गेली असती. थायरॉइड जास्त चालतंय का हे बघायलाच हवं.

टी-फोर पट्टीच्या आत असूनही ते निकालात निघत नाही. दुसरा कुठलाही जुना आजार टी-फोरला खाली दाबू शकतो. म्हणून आजारी म्हाताऱ्या मांजरीत तो पट्टीच्या वरच्या अर्ध्यात आला तर ते संशयास्पद. तिचा २.८ वरच्या अर्ध्याच्या उंबऱ्यावर आहे. गळ्याखाली श्वासनलिकेच्या बाजूने बोटं खाली सरकवून गाठ हाताला लागते का, हृदयाचे ठोके किती, हे डॉक्टरांना विचारा. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी-फोर, लॅबमध्ये डायलिसिस पद्धतीने मोजता येतं, नाहीतर महिन्याभराने टी-फोर पुन्हा.

सई_अंगण
म्हणजे किडनी नाहीच? थायरॉइड असेल तर ते बरं होतं ना, किडनी पण सुधारेल?

डॉ_पंजा
नाही, इथेच लोक फसतात. थायरॉइड जास्त असेल तर किडनीत रक्त जोराने वाहतं, गाळण वाढते. त्यात स्नायू झिजतात. दोन्हींमुळे क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं. म्हणजे ठकीला थायरॉइड असेल तर २.६ हा तिच्या किडनीचा खरा आकडा नाही, खरा त्याहून वाईट आहे. थायरॉइडवर औषध सुरू केलं की तो पडदा सरकतो आणि क्रिएटिनिन वर जातं. औषधाने किडनी बिघडली असं वाटतं, पण बहुतेकदा जे होतं तेच उघडं पडतं.

म्हणून औषध लागलंच तर कमी डोसने, आणि दोन-तीन आठवड्यांनी टी-फोर आणि क्रिएटिनिन दोन्ही. टी-फोर फार खाली ढकलू द्यायचं नाही, थायरॉइड गरजेपेक्षा मंदावलं तर किडनीचे आकडे आणखी चढतात. किडनी मात्र लहान आणि खडबडीत आहे, ती थायरॉइडने तशी होत नाही. दोन्ही एकत्र असणं या वयात नवीन नाही.

रेवा_के
मग एसडीएमए २७ चं काय? थायरॉइडने तेही कमी दिसतं का?

डॉ_पंजा
स्नायूंचा परिणाम त्यावर कमी, पण गाळण वाढल्याचा परिणाम दोघांवरही. त्यामुळे मी दोन्ही आकडे कच्चेच धरतोय. फ्री टी-फोर आल्याशिवाय टप्प्यावर भांडून उपयोग नाही.

रेवा_के
मी तरी तिला तिसऱ्यात मोजूनच अन्न-पाण्याची तयारी करीन. चुकलं तर नुकसान काय?

डॉ_पंजा
अन्नात काही नाही. पण "तिसरा" कागदावर आला की कुणीतरी भीतीपोटी रोज सलाईन सुरू करतं. स्वतःहून पाणी पिणाऱ्या, खाणाऱ्या मांजरीला ते लागत नाही, आणि त्या सुईच्या भीतीने ती ट्रे सोडून सोफ्यामागे जाते.

सई_अंगण
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले गळ्याला काहीतरी मऊ लागलं होतं, लिहायचं राहिलं. ठोके २१६ होते, कागदावर आहेत. फ्री टी-फोरचा नमुना उद्या. रात्रीचं खाणं द्यायचं का उपाशी ठेवायचं?

लॅबवाला_बाबा
फ्री टी-फोरसाठी उपाशी ठेवायची गरज नाही. पण सोबत बीयूएन परत जाणार असेल तर आठ तास अन्न नको, पाणी ठेवा. आणि नमुना पाठवताना सांगा, सीरम वेगळं करून थंड ठेवून पाठवायचं, उन्हात टेबलावर पडून राहू द्यायचं नाही.

उन्हाळी_बोका
आठ तास उपाशी ठेवून रात्री तीनला काय होणार ते सईताई उद्या लिहितीलच. सगळ्यांनी ठकीच्या बाजूने मतदान करा.

सई_अंगण
तीन नाही, आज एकलाच आलीये. उशीवर बसलीये.